फूड कॉस्टचा अलर्ट रोज वाजतोय? मग या चुका टाळा

सोमवारी दुपारी हमखास फोन येतो. "ताई, आज फूड कॉस्ट 80 टक्के दाखवतंय. भटारखान्यात कोणीतरी हात मारतंय." मी विचारते, "शेठ, सकाळी वाशीहून गाडी आली होती का?" आलेली असते. तेलाचे डबे, तांदळाच्या गोण्या, महिन्याचा मसाला, सगळं एकाच दिवशी. चोर कोणीच नसतो. आजची खरेदी भागिले आजचा गल्ला एवढंच कोणीतरी शीटमध्ये घातलेलं असतं.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान हॉटेलांचे हिशेब मी बरीच वर्षं बघते, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच चूक भेटते. खरेदी म्हणजे खप नव्हे. सकाळचा शिल्लक माल, अधिक आजची खरेदी, वजा रात्रीचा शिल्लक माल, हा आजचा खप. त्याला निव्वळ विक्रीने भागलं की येतो तो फूड कॉस्टचा टक्का.

नौपाड्यातल्या एका हॉटेलचाच सोमवार घ्या. विक्री 30,000 रुपये, खरेदी 24,000. थेट भागलं की 80 टक्के. मंगळवारी खरेदी फक्त 4,000 आणि विक्री पुन्हा 30,000, म्हणजे 13 टक्के. मालक सोमवारी ओरडायचे आणि मंगळवारी खूश व्हायचे. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी स्टोअरमध्ये 62,000 चा माल होता आणि रात्री 76,400 चा. खप 9,600, म्हणजे 32 टक्के. त्यांचं टार्गेटही 32च होतं.

हे समजावेपर्यंत उशीर झाला होता, कारण दर सोमवारी व्हॉट्सॲपवर लाल मेसेज यायचा आणि कंटाळून शेठनी तो ग्रुप म्यूट केला होता. त्याच काळात ग्रेव्हीवर एक नवा माणूस आला. पनीर मोजायची जुनी वाटी कुठेतरी हरवली होती, हा हाताने टाकायचा. महिनाभर कोणाला पत्ता नाही. शेवटी एका दिवसाचं पनीर मी स्वतः काट्यावर घातलं. सकाळी 6 किलो, आलं 10 किलो, रात्री उरलं 6.9 किलो, म्हणजे गेलं 9.1 किलो. केओटीवरून, म्हणजे भटारखान्यात गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवरून, पनीरच्या प्लेटी मोजल्या तर 60. प्लेटला 110 ग्रॅम ठरलेलं, म्हणजे 6.6 किलो जायला हवं होतं. अडीच किलो जास्त, 360 च्या भावाने 900 रुपये. दिवसाची विक्री 40,000 धरली तर एकट्या पनीरने सव्वादोन टक्के खाल्ले. अलर्ट तेव्हा वाजत होताच. पण तो दर सोमवारी उगाच वाजायचा, म्हणून खरा वाजला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

"रोज रात्री सगळा स्टॉक कोण मोजणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. सगळा मोजूच नका. पनीर, चिकन, मासळी, बटर, चीज, तेल असे दहाएक भारी आयटम रोज रात्री काट्यावर घाला. बाकीचा माल स्टोअरमधून भटारखान्यात दिला की मी तो त्याच दिवशीचा खप धरते, त्यासाठी स्टोअरच्या दाराला दोरीने बांधलेली एक वही पुरते. रविवारी रात्री मात्र सगळं मोजायचं आणि आठवड्याची चूक तिथेच दुरुस्त करायची. ज्यांना वहीसुद्धा नको असते आणि थेट ॲप हवं असतं, त्यांच्या ॲपमध्ये चार दिवस "तेल 2 डबे" असंच दिसतं. ते मोजलेलं नसतं, कालचं बघून उतरवलेलं असतं.

दुसरी लाडकी चूक जीएसटीची. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणून विक्री कर वगळून धरायची आणि खरेदी करासकट. लोक बरोबर उलटं करतात. बिलांची बेरीज 42,000 आली की तीच विक्री म्हणून टाकतात. त्यातले 2,000 सरकारचे, तुमचे 40,000. खप 13,600 असेल तर खरा आकडा 34 टक्के, पण शीट 32.4 दाखवते. टार्गेट 32 असलं की हा फरक डोळ्यांवर येतच नाही आणि अलर्ट गप्प बसतो. (मोठ्या हॉटेलातल्या, 18 टक्के लावणाऱ्या रेस्टॉरंटला क्रेडिट मिळतं, त्यांनी खरेदीही कर वगळून घ्यावी.)

डिलिव्हरी ॲपवाल्यांचं आणखी वेगळं. बँकेत जमा होते ती रक्कम कमिशन कापून आलेली असते, ती विक्री म्हणून टाकली की फूड कॉस्ट उगाच फुगते. 300 ची थाळी, तुमच्या खिशातून दिलेली सूट 60, तर विक्री 240. कमिशन हा वेगळा खर्च, आणि पार्सलचे डबेही वेगळेच.

बिल उशिरा येणं. दूधवाला पनीर रोज देतो आणि बिल शनिवारी. माल मोजला जातो, खरेदी चढत नाही, मग आठवडाभर खप कमी आणि शनिवारी उडी. एखाद्या दिवशी खप उणे आला की हेच समजायचं. मालासोबत आलेल्या चलानावरची तारीख धरा, भाव मागच्या बिलाचा लावा.

आता अलर्ट. एका दिवसावर तो लावू नका, सात दिवसांवर लावा. आणि रोजच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. मंद सोमवारी 20,000 वर 40 टक्के आणि भरल्या रविवारी 60,000 वर 30 टक्के, यांची सरासरी 35 येते. खरा आकडा 80,000 वर 26,000, म्हणजे 32.5. बेरजेला बेरजेने भागा.

माझ्या शीटमध्ये B सकाळची शिल्लक, C खरेदी, D रात्रीची शिल्लक, E निव्वळ विक्री, F खप (`=B8+C8-D8`) आणि K1 मध्ये टार्गेट 0.32:

```
=IF(COUNT(C2:E8)<21,"नोंद अपुरी",
 IF(SUM(F2:F8)/SUM(E2:E8)>=$K$1+0.02,"तपासा","ठीक"))
```

पहिली अट मी हट्टाने ठेवते. खरेदी नसेल त्या दिवशी 0 लिहायचा, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे बिल खिशात राहिलंय, आणि अपुऱ्या नोंदीवर "ठीक" दिसणं सगळ्यात वाईट. सुट्टीच्या दिवशीही विक्रीत 0.

टार्गेट शेजारच्या हॉटेलवाल्याचं उचलू नका. त्याच्याकडे थाळी, तुमच्याकडे तंदूर. चार आठवडे नुसती नोंद करा, मग आकडा ठरवा. हे चार आठवडे कोणालाच नको असतात, पहिल्याच दिवशी मोबाईलवर मेसेज हवा असतो.

"तपासा" आलं की मी आधी भाव बघते, मग वजन. मासेमारी बंदीत कोळंबी महागली किंवा मार्केटला टोमॅटो चढला, तर भटारखान्यात कोणाची चूक नसते, मेन्यूचा दर बघावा लागतो. श्रावणात नॉनव्हेज उतरतं, तेव्हाही टक्का हलतो. भाव जागेवर असेल तर मग एक भारी आयटम निवडायचा, दिवसभराचा खप आणि केओटीच्या प्लेटी समोरासमोर ठेवायच्या. स्टाफचं जेवण आणि फेकलेला माल वहीत लिहिलेला असेल तर तासाभरात सापडतं.

नौपाड्याच्या शेठनी त्या दिवशी स्टेशनजवळून स्टीलच्या सहा वाट्या आणल्या. 110 ग्रॅम पनीर बरोबर काठोकाठ बसेल अशी एकच निघाली, ती ग्रेव्हीच्या टोपाशेजारी साखळीने बांधली आहे.