समांतर आरएलसीचा इम्पीडन्स कसा काढावा: आधी सिमेन्स, मग ओहम

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपची कल्पना करा. एकाच २३० व्होल्टच्या लाइनवर हीटर आहे, चोक आहे आणि पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर लावलेला आहे. तिघे एकमेकांना समांतर, म्हणजे तिघांवर व्होल्टेज तेच, करंट मात्र ज्याचा त्याचा. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढची रीत आपोआप सुचते: व्होल्टेज सारखं असताना बेरीज करंटची होते, म्हणून ज्या राशीला व्होल्टेजने गुणलं की करंट मिळतो तिचीच बेरीज करायची. ती राशी म्हणजे ॲडमिटन्स, Y. इम्पीडन्स Z हा त्याचा व्यस्त आणि तो सगळ्यात शेवटी, एकदाच काढायचा.

हीटर १०० ओहम, चोक ०.५ हेन्री, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ धरू. चोकच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स तूर्तास शून्य माना.

पहिली पायरी ω ची. ω = 2πf = ३१४.१६ रेडियन प्रति सेकंद. फ्रिक्वेन्सी बदलली की इथून पुढचं सगळं नव्याने मांडावं लागतं, कारण R सोडून बाकी दोघे तिच्यावर अवलंबून आहेत.

मग प्रत्येक शाखेचा वाटा मिलिसिमेन्समध्ये काढा. हीटरचा कंडक्टन्स G = 1/R = १० मिलिसिमेन्स. चोकचा ससेप्टन्स 1/(ωL): रिॲक्टन्स १५७.०८ ओहम, म्हणून ६.३६६ मिलिसिमेन्स. कपॅसिटरचा ωC, म्हणजे ३.१४२ मिलिसिमेन्स. ॲडमिटन्समध्ये कपॅसिटरचं चिन्ह अधिक आणि चोकचं उणे असतं, इम्पीडन्सच्या अगदी उलट. सिरीज सर्किटची सवय लागलेला हात हमखास इथेच चुकतो.

आता बेरीज:

Y = १० + j(३.१४२ − ६.३६६) = १० − j३.२२४ मिलिसिमेन्स

दोन्ही भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं की |Y| = १०.५१ मिलिसिमेन्स. त्याचा व्यस्त |Z| = ९५.२ ओहम. Y चा कोन −१७.९ अंश, म्हणून Z चा +१७.९ अंश, करंट व्होल्टेजच्या मागे आहे, सर्किट अजून इंडक्टिव्हच आहे.

Z चे दोन भाग हवे असतील तर जपून. १० मिलिसिमेन्सचा व्यस्त १०० आणि ३.२२४ चा ३१०, म्हणून Z = १०० + j३१० असं लिहिलेलं मी कित्येक वह्यांत पाहिलं आहे. ते चूक आहे. व्यस्त अख्ख्या संमिश्र संख्येचा घ्यायचा असतो, तुकड्यांचा नाही. G ला आणि B ला, म्हणजे Y मधल्या j सोबतच्या एकूण ससेप्टन्सला, |Y| च्या वर्गाने भागा आणि B चं चिन्ह पालटा: Z = ९०.६ + j२९.२ ओहम. पडताळा सोपा आहे. शुद्ध R, L, C समांतर असताना |Z| कधीच R पेक्षा मोठा येत नाही, कारण |Y| हा G पेक्षा लहान होऊ शकत नाही. १०० + j३१० चं मान ३२६ ओहम येतं, तिथेच चोर सापडतो.

पण तो ३१० अगदीच निरर्थक नाही. हीटर काढून नुसते चोक आणि कपॅसिटर ठेवले तर त्या जोडीचा इम्पीडन्स ३१० ओहम भरतो. चोक एकटा १५७ ओहमचा, कपॅसिटर ३१८ चा, आणि समांतर जोडी चोकच्या जवळजवळ दुप्पट! ‘समांतर म्हणजे सर्वांत लहानापेक्षाही लहान’ हा शाळेतला नियम रेझिस्टन्सपुरता खरा. इथे दोघांचे करंट विरुद्ध दिशेचे असल्याने एकमेकांना खातात. २३० व्होल्टवर चोक १.४६ अँपिअर घेतो, कपॅसिटर ०.७२, लाइनवर फरक तेवढा ०.७४ उरतो. हीटरचे २.३ अँपिअर धरून एकूण २.४२ अँपिअर, तर कपॅसिटरशिवाय ते २.७३ झाले असते. कपॅसिटर वाढवत साधारण २०.३ मायक्रोफॅरडवर नेला की B शून्य होतो आणि Z बरोबर १०० ओहम, म्हणजे कमाल. त्यापुढे मात्र करंट पुन्हा वाढू लागतो, फक्त आता व्होल्टेजच्या पुढे.

खऱ्या चोकला वाइंडिंगचा रेझिस्टन्स असतोच. समजा २० ओहम. तो चोकशी सिरीजमध्ये आहे, त्यामुळे G मध्ये सरळ 1/20 मिळवायचं नाही. आधी त्या शाखेचा इम्पीडन्स २० + j१५७.०८ मांडा, मग त्याचा व्यस्त घ्या: ०.७९८ − j६.२६५ मिलिसिमेन्स. एकूण Y = १०.८० − j३.१२, |Z| = ८९ ओहम, करंट २.५९ अँपिअर. क्लॅम्प मीटर आणि वही यांच्यात इतका फरक दिसला, तर कपॅसिटरला दोष देण्याआधी पुरवठा बंद करून, चोक सर्किटमधून सोडवून मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजा.