भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन फोटोवरून कसं जुळवावं

लक्षण: नवीन मशीन डायलमध्ये बसतं, पण पुढून नट पकडतच नाही.

मागच्या बाजूचा सरळ फोटो इंदूरमध्ये राजवाड्याजवळच्या दुकानदाराला पाठवून दोनदा मशीन आणलं, दोन्ही परत करावी लागली. फार वैताग आला. मागून बहुतेक क्वार्ट्झ मशीन सारखीच दिसतात, साधारण ५६ मिमीचा काळा चौकोनी डबा. खरा फरक पुढच्या दांड्यात असतो.

सेल काढा. सेकंदकाटा सरळ वर ओढून काढा, मग मिनिटकाट्याचा नट असेल तर तो, मग दोन्ही काटे आणि शेवटी डायलवरचा मोठा नट. मशीन आडवं ठेवा, दांड्याला चिकटून त्याच उंचीवर स्टीलची पट्टी ठेवा. फोन हातभर लांब धरून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत माप फसतं.

दुकानदाराला आट्यांची लांबी सांगा. माझं डायल ६ मिमी जाड, त्यावर वॉशर १ मिमी आणि नट २ मिमी, म्हणजे किमान ९ मिमी आट्या हव्यात. आणलेल्या मशीनच्या ५ मिमीच होत्या! फार लांबही नको, दांडा काचेला टेकतो.

दुसरा फोटो दांड्याच्या टोकाचा समोरून घ्या. मिनिटकाट्याची जागा गोल की दोन बाजूंनी चपटी, ते त्यात कळतं. ती जुळली नाही तर जुने काटे बसत नाहीत.

काटे तिन्ही बारावर बसवा आणि सेल घालण्याआधी मागची चकती फिरवून ते एकमेकांना घासत नाहीत ना, बघा.