जाहिरातीचे आणि अ‍ॅनालिटिक्सचे कन्व्हर्जन जुळत नाहीत, तेव्हा काय तपासावं

गूगल अ‍ॅड्स 58 ऑर्डर सांगतंय आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स 41, म्हणजे ट्रॅकिंग बिघडलंय, असं सांगून लगेच टॅग बदलायला लावणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नका.

आधी दोन्हीकडे टाइमझोन एकच आहे ना आणि एकच घटना मोजली जातेय ना, ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग तारखेकडे या. मी इथेच फसलो होतो. गूगल अ‍ॅड्सचा नेहमीचा Conversions कॉलम ऑर्डर ज्या दिवशी आली त्या दिवशी मोजत नाही, जाहिरातीवर क्लिक झालं त्या दिवशी मोजतो. कुणी 5 जूनला क्लिक केलं आणि 12 जूनला खरेदी केली, तर अ‍ॅड्समध्ये ती ऑर्डर 5 जूनच्या खात्यात जाते आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये 12 जूनच्या. म्हणूनच मागच्या आठवड्याचा अ‍ॅड्समधला आकडा नंतरही वाढत राहतो. हे ठाऊक नसताना मी एक चांगली कॅम्पेन ‘या आठवड्यात पडली’ म्हणून बंद केली. महिन्याने त्याच आठवड्याचा आकडा पाहिला, तर तो आधीच्या आठवड्यांच्या बरोबरीचा होता. क्लिकनंतर ऑर्डर यायला तुमच्याकडे साधारण किती दिवस लागतात ते काढा, आणि तेवढे दिवस उलटल्याशिवाय कुठल्याही आठवड्यावर निर्णय घेऊ नका.

तुलनेसाठी Conversions (by conv. time) हा कॉलम लावा. वरच्या उदाहरणात तो लावल्यावर 58 चे 47 झाले. 17 च्या फरकातले 11 फक्त तारखेचे निघाले.

उरले 6. त्यांच्यासाठी प्रत्येक ऑर्डरच्या नोंदीत gclid, म्हणजे गूगल जाहिरातीवरच्या क्लिकचा ओळख क्रमांक, साठवलेला असायला हवा. gclid असलेल्या ऑर्डरचे क्रमांक अ‍ॅनालिटिक्समध्ये शोधले, तर चार ईमेलच्या नावावर सापडले. ग्राहक आधी जाहिरातीतून आला होता, पण खरेदीच्या वेळी ईमेलमधल्या लिंकवरून. सेशनच्या रिपोर्टने श्रेय ईमेलला दिलं. दोन ऑर्डर अ‍ॅनालिटिक्सपर्यंत पोचल्याच नव्हत्या. असे न पोचलेले खूप निघाले, तरच टॅगला हात लावा.

एकूण विक्रीसाठी मी या दोघांपैकी कुणावरच विसंबत नाही, स्वतःच्या ऑर्डरची नोंद बघतो. एकाच खात्यातल्या कॅम्पेनची आपसात तुलना अ‍ॅड्समध्ये करावी. ईमेल, सर्च, जाहिराती यांची तुलना अ‍ॅनालिटिक्समध्ये, कारण सगळ्यांना एकच नियम तिथेच लागतो. निरनिराळ्या जाहिरात कंपन्यांचे आकडे मात्र कधीही बेरजेला घेऊ नका. मेटा मुळात क्लिकनंतरच्या 7 दिवसांबरोबर जाहिरात नुसती दिसल्यानंतरचा 1 दिवसही धरतं, आणि त्याच ऑर्डरवर गूगलही हक्क सांगू शकतं.