आयन इंजिन आणि सौर शिडाच्या प्रवासाचं गणित करताय? या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या पोरांचे मिशन डिझाइनचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं तपासतोय. दरवर्षी कोणीतरी विजेच्या जोरावर झेनॉन वायू मागे फेकून चालणारं आयन इंजिन घेतं, कोणी सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारं सौर शीड घेतं, आणि चुका मात्र त्याच त्या. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

रासायनिक इंजिनाचा आकडा उचलून आयन इंजिनाला लावणे

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण गणित कागदावर अगदी बरोबर दिसतं.

एका टीमचं यान होतं 400 किलोचं. 500 किमी उंचीवरच्या कक्षेतून निघायचं, पृथ्वीच्या ओढीतून सुटायचं आणि पुढे लघुग्रहाकडे जायचं. इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, 80 मिलीन्यूटन, झेनॉन बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला 30 किमी. आता त्या कक्षेतून सुटायला किती वेग वाढवायला लागतो हे कुठल्याही पुस्तकात मिळतं, सेकंदाला साधारण 3.2 किमी. पोरांनी तोच आकडा घेतला, त्याला 40 किलो झेनॉन पुरतं असं काढलं, पुढच्या प्रवासासाठी थोडं धरून टाकी 55 किलोची ठेवली आणि खूश झाली.

मी म्हटलं, सिम्युलेशन चालवा. चालवलं, तर सगळं झेनॉन संपलं तेव्हा यान पृथ्वीभोवतीच फिरत होतं, साधारण 32 हजार किमी उंचीवर, म्हणजे भूस्थिर कक्षेच्याही खाली. पोरांना वाटलं कोडमध्ये बग आहे, आणि दोन आठवडे तो बग शोधण्यात गेले. बग नव्हताच.

3.2 चा आकडा खरा आहे, पण तो एका झटक्यात दिलेल्या धक्क्याचा. रासायनिक इंजिन सगळं इंधन पृथ्वीजवळ, यान सगळ्यात वेगात असताना, काही मिनिटांत जाळतं, आणि वेग जास्त असताना दिलेला तेवढाच धक्का जास्त ऊर्जा देऊन जातो. आयन इंजिनाला ते जमतच नाही. ते गोल गोल फिरत हळूहळू वर चढतं आणि जसजसं वर जातं तसतसा कक्षेतला वेग कमी होत जातो, म्हणजे बराचसा धक्का हळू चालताना खर्च होतो. अशा सर्पिल मार्गाने सुटायला जवळजवळ सुरुवातीच्या कक्षेतल्या वेगाएवढा खर्च येतो. इथे कक्षेतला वेग 7.6, तर खर्च साधारण सेकंदाला 7.2 किमी. झेनॉन लागतं 85 किलोच्या आसपास, आणि नुसतं इंजिन चालण्याचा वेळ वर्षभर. त्यात खालच्या कक्षेत यान प्रत्येक फेरीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ पृथ्वीच्या सावलीत असतं, तेव्हा वीज नाही म्हणून इंजिन बंद. शिवाय पृथ्वीभोवतीच्या किरणोत्साराच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांतून महिनोन् महिने रेंगाळत जाताना सोलर पॅनल खराब होतात ते वेगळंच. युरोपचं स्मार्ट-1 सप्टेंबर 2003 मध्ये निघालं, तेही बऱ्याच लांबुळक्या कक्षेतून, तरी चंद्राशी पोचायला नोव्हेंबर 2004 उजाडला.

माझी सवय साधी आहे: सर्पिल मार्ग असेल तर सुरुवातीच्या कक्षेचा वेग हाच खर्च धरायचा, थोडं जास्त धरलं गेलं तर बिघडत नाही. आणि जमलं तर पृथ्वीतून सुटायचं काम रॉकेटवरच टाकायचं. नासाच्या डॉन यानाने तेच केलं, डेल्टा 2 रॉकेटने त्याला बाहेर फेकलं आणि मग आयन इंजिनाने काम हातात घेतलं.

इंजिन सलग, पूर्ण ताकदीने चालेल असं धरणे

दुसरी लाडकी चूक. एक्सेलमध्ये थ्रस्ट गुणिले दिवस केलं की झालं! असं नसतं हो.

डॉनचे पॅनल पृथ्वीजवळ 10 किलोवॅट द्यायचे, सेरीस या बटुग्रहापाशी जेमतेम 1.3. वीज कमी म्हणजे थ्रस्ट कमी, पृथ्वीजवळचा 91 मिलीन्यूटन तिथे मिळत नाही. शिवाय प्रवासात दर आठवड्याला काही तास इंजिन बंद करून अँटेना पृथ्वीकडे वळवायचा, तो वेळही गेलाच.

आणि मग येतात न ठरवलेले बंद. 11 सप्टेंबर 2014 ला डॉन सेरीसकडे निघालेलं असताना एक जोरदार ऊर्जेचा कण आदळला, इंजिन थांबलं, यान सेफ मोडमध्ये गेलं, म्हणजे फक्त जरुरीपुरती कामं चालू ठेवून थांबलं. दुसरं इंजिन आणि दुसरा कंट्रोलर लावून सुरू करेपर्यंत चार दिवस गेले. फक्त चार दिवस, पण रासायनिक यान त्या काळात नुसतंच तरंगत असतं, त्याचं काही बिघडत नाही. इथे रोजचा धक्का हा मार्गाचा भाग असतो, तो बुडला की पुढचा सगळा मार्ग नव्याने आखावा लागतो. तसा तो आखला, आणि पोचायचं वेळापत्रक जवळपास महिन्याने पुढे गेल्याचं तेव्हा जाहीर झालं.

म्हणून मी इंजिन 90 टक्केच वेळ चालेल असं धरतो, थ्रस्ट सूर्यापासूनच्या अंतराप्रमाणे कमी करत जातो, आणि मार्ग तयार झाला की कुठेही दोन आठवडे इंजिन बंद करून बघतो. मधल्या टप्प्यात बहुतेक वेळा चालून जातं. पोचायच्या आधीच्या दोन महिन्यांत बंद केलं आणि यान गाठच घालू शकलं नाही, तर आराखडा फार घट्ट बसवलाय, तारीख सैल करा. घाईची पोरं ही टेस्ट हमखास गाळतात.

तीन इंजिनं म्हणजे तिप्पट थ्रस्ट

नाही. डॉनवर तीन होती, पण एका वेळी एकच चालायचं, बाकीची झीज वाटून घ्यायला. थ्रस्ट ठरतो विजेवर:

```
F = 2ηP / v
```

P वीज, η कार्यक्षमता, v झेनॉनचा बाहेर पडण्याचा वेग. त्यामुळे "झेनॉन वाचवायला v दुप्पट केला" असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, मग थ्रस्ट अर्धा झाला त्याचं काय?

सौर शीड सरळ सूर्याकडे तोंड करून लावणे

सूर्यापासून दूर, बाहेर जायचंय म्हणून शीड सूर्यासमोर सपाट धरतात. प्रकाशाचा दाब अंतराच्या वर्गाप्रमाणे घटतो आणि सूर्याचं गुरुत्वही तसंच घटतं, त्यामुळे अशा शिडाला सूर्य नुसता किंचित हलका भासतो, बाकी काही होत नाही. जपानच्या 2010 च्या इकारोस या शीडयानाचा थ्रस्ट होता 1.12 मिलीन्यूटन आणि यान 300 किलोच्या वर, म्हणजे सूर्याच्या ओढीचा हजारावा भागही नाही. शीड तिरकं धरा, साधारण 35 अंश, म्हणजे धक्क्याचा काही भाग प्रवासाच्या दिशेने पडतो, कक्षेतला वेग वाढत राहतो आणि यान सर्पिल मार्गाने बाहेर जातं. उलट्या बाजूला तिरकं केलं की आत, सूर्याकडे.

पण तो कोन महिनोन् महिने टिकवायचा कसा हेही रिपोर्टमध्ये लिहा. इकारोसने शिडाच्या कडेला एलसीडी पट्ट्या लावल्या होत्या, एका बाजूच्या पट्ट्यांचं परावर्तन बदललं की दोन्ही बाजूंचा दाब वेगळा पडून शीड वळायचं.

शीड खालच्या कक्षेत उघडणे

लाइटसेल 2 हे सौर शिडाचं यान तर 720 किमीवर होतं, तरी हवेच्या घर्षणाने शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये खाली आलंच. 500 किमीवर सौर शिडाचे प्रयोग दाखवणारा रिपोर्ट मी परत पाठवतो.