कोड्याचा व्हिडिओ: आकडे सुरू होताच प्रेक्षक निघून जायचे, त्यावरचा उपाय

कोडं वाचून होताच ५-४-३ सुरू केलं की प्रेक्षक तिथेच गळायचे. संगीत बदललं, वेळ १० सेकंद केली; वैताग तेवढा वाढला. खरं कारण म्हणजे आकडे येताच कोडं पडद्यावरून जायचं, मग विचार कशावर करणार?

आता स्क्रिप्ट अशी: ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ सावकाश वाचायचं. ओळ पडद्यावर शेवटपर्यंत ठेवायची. २ सेकंद पूर्ण शांतता, मग कोपऱ्यात ५ ते १, दर आकड्याला एक टिक. ३ वर इशारा: ‘नागीण ओली असते.’ १ नंतर अर्धा सेकंद आवाज बंद. आधी उघडलेल्या तोंडाचं चित्र, मग शब्द: दात आणि जीभ. लगेच ‘चिरे’वरून दातांकडे, ‘नागीण’वरून जिभेकडे बाण. बाण गाळले तर उत्तर कळतं, पण पटत नाही.