फार्मासिस्टची प्रोफाइल लिहिताय? या चुका टाळा

आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत जागा निघाली की आलेल्या प्रोफाइल आधी माझ्या टेबलावर येतात. गेल्या खेपेला एक डी.फार्म मुलगा होता. हुशार, मेहनती, भाषाही नीट. तरी पहिल्या वाचनात मी त्याची प्रोफाइल बाजूला ठेवली आणि मग फोन करून त्याला बोलावून घेतलं. त्याने केलेल्या चुका जवळजवळ सगळेच करतात, म्हणून त्याच्याच प्रोफाइलवरून सांगते. तारखा आणि तपशील अर्थातच बदललेत.

अनुभव कुठून मोजायचा?

वरच लिहिलं होतं: ‘फार्मासिस्ट म्हणून पाच वर्षांचा अनुभव, ऑगस्ट 2020 पासून.’ खाली राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदणीची तारीख होती सप्टेंबर 2021. मधले तेरा महिने तो काय होता?

फार्मसी कायदा 1948 चा आहे आणि त्याचं कलम 42 सरळ आहे. डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर औषध तयार करणं किंवा देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम. डिप्लोमा पास झाला म्हणजे फार्मासिस्ट झालो असं मुलांना वाटतं, पण परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव चढेपर्यंत ते पद लागत नाही. त्यामुळे ‘नोंदणीआधी फार्मासिस्ट होतो’ असं लिहिणं म्हणजे कायदा मोडल्याचं स्वतःच्या हाताने लिहून देणं. विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मी तर मेडिकलवर स्टॉक लावायचो, ऑर्डर घ्यायचो, एक्सपायरीचा माल परत पाठवायचो. औषधं सर द्यायचे.” मग तेच लिही ना! ‘ऑगस्ट 2020 ते सप्टेंबर 2021: औषध दुकानात सहायक, साठा आणि खरेदी.’ अनुभव चार वर्षांवर आला, पण खरा झाला.

डी.फार्मनंतरचं 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षणही असंच वेगळं लिहावं. ते शिक्षणाचा भाग आहे, नोकरीचा नाही. ते ‘सहा महिने अनुभव’ म्हणून खपवलं की अनुभवी डोळ्याला लगेच कळतं.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट मी बघते. एकाच काळात दोन ठिकाणी पूर्ण वेळ काम. दिवसभर हॉस्पिटलमध्ये आणि त्याच तारखांना दुसऱ्या गावातल्या मेडिकलच्या लायसन्सवर नाव. ‘नाव लावलंय फक्त’ हे आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं की ते प्रोफाइलमध्येही सहज उतरतं. ते वाचल्यावर मी पुढचं पान उलटत नाही.

नोंदणी दाखवा, सर्टिफिकेट टांगू नका

नोंदणीसाठी चार गोष्टी पुरतात: परिषदेचं नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि नूतनीकरण कधीपर्यंत आहे ते. शेवटची गोष्ट निम्मे लोक विसरतात आणि मला मात्र तीच आधी हवी असते. राज्याचं नावही स्पष्ट हवं. सावंतवाडीचा मुलगा महाराष्ट्रात नोंदणी करतो आणि नोकरी पणजीत शोधतो. तिथे गोव्याच्या परिषदेचं काय केलंस, हा प्रश्न येणारच.

सर्टिफिकेटचा स्कॅन मात्र कुणालाही दिसेल असा चिकटवू नका. त्यावर फोटो, सही, जन्मतारीख असं सगळं असतं, आणि दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवायला टपलेले लोक आपल्या धंद्यात आहेत. मुलाखतीला मूळ प्रत आणा, तेवढं पुरे.

‘हॉस्पिटल फार्मासिस्ट’ एवढ्याने काही कळत नाही

किती खाटांचं? बाह्यरुग्ण खिडकी की वॉर्डांचे इंडेंट? रात्रपाळी केली का? फ्रिजमधल्या औषधांचं 2 ते 8 अंशांचं तापमान कोण नोंदवायचं? या मुलाने लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारची कामे केली.’ प्रत्यक्षात तो साठ खाटांच्या हॉस्पिटलात वॉर्डाचे इंडेंट बघत होता आणि शेड्यूल एच1 चं रजिस्टर त्याच्या ताब्यात होतं. ही माहिती सोन्यासारखी, आणि ती गायब.

आणि आता पेशंट

खरी गोची इथे होती. त्याने आपली कामगिरी म्हणून लिहिलं होतं:

‘मार्च 2024 मध्ये झेडपी शाळेच्या एका शिक्षिकेच्या प्रिस्क्रिप्शनवर मेथोट्रेक्सेट रोज एक असं लिहिलेलं होतं. मी डॉक्टरांना फोन करून ते आठवड्यातून एकदा करून घेतलं.’

काम उत्तमच केलं होतं. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतलं तर रक्तपेशी कमी होतात आणि पेशंटच्या जिवावर बेततं. पण आता ती ओळ त्याच्या गावच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. हॉस्पिटलचं नाव वर दिलेलंच आहे, तालुका लहान, महिना दिलाय, पेशा दिलाय. बाईंचं नाव नाही, पण त्यांच्या शाळेच्या स्टाफरूमला दोन मिनिटांत कळेल की त्यांना कसला आजार आहे. शिवाय चूक करणारे डॉक्टरही त्यातून ओळखू येतात.

बऱ्याच जणांची समजूत असते की नाव काढलं म्हणजे झालं. तसं नसतं. महिना, गाव, पेशा आणि दुर्मिळ औषध, यातले दोन-तीन तपशील जुळले तरी माणूस सापडतो. म्हणून मी त्याला ती ओळ अशी करायला लावली:

‘मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, वॉरफरिन यांसारख्या धोक्याच्या औषधांचा डोस देण्याआधी तपासणे, शंका आल्यास डॉक्टरांशी बोलून खात्री करणे.’

कौशल्य राहिलं, बाई गेल्या.

फोटोचं तर विचारू नका. पांढरा एप्रन, मागे कपाट, चेहऱ्यावर हसू, सगळं छान. मी झूम केलं. कोपऱ्यात उघडं रजिस्टर, तेही एच1 चं! त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि दिलेलं प्रमाण असं सगळं लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपायचं असतं. तीन पेशंटची नावं मला स्वच्छ वाचता आली. दुसऱ्या फोटोत मागच्या मॉनिटरवर बिल उघडं होतं. नावावर काळी पट्टी ओढून भागवण्यापेक्षा फोटोच दुसरा काढा: रिकामं काउंटर, बंद मॉनिटर, मागे नुसती भिंत. पेशंटने आभार मानलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि संदर्भ म्हणून पेशंटचा नंबर, हेही मी पाहिलंय. संदर्भ द्यायचा तर इन्चार्जचा द्या, तोही त्यांना विचारून.

तपासायची एक सोपी रीत आहे. प्रोफाइल आपल्याच फार्मसीतल्या जुन्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, “हे वाचून कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला का?” आला, तर ती ओळ काढा.

त्याची शेवटची प्रोफाइल अशी झाली:

‘डी.फार्म, 2020, 500 तास प्रशिक्षण पूर्ण. राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी सप्टेंबर 2021, क्रमांक व नूतनीकरणाची मुदत सोबत. 2020-21 औषध दुकानात सहायक. 2021 पासून साठ खाटांच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट: वॉर्ड इंडेंट, रात्रपाळी, शेड्यूल एच1 रजिस्टर, शीतसाखळीच्या नोंदी, धोक्याच्या औषधांची डोस-तपासणी.’

पहिल्या प्रोफाइलच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्याला ती फार रोडकी वाटली. मुलाखतीत मी त्याला मेथोट्रेक्सेटबद्दलच विचारलं, आणि तो दहा मिनिटं बोलला, एकाही पेशंटचा उल्लेख न करता.