आधी गार करा, मग गाडीत घाला: ऊन लागल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

बांधकामाच्या साइटवर सुरक्षा पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. दर उन्हाळ्यात त्याच चुका होतात, आणि दरवेळी त्यांची कारणंही तीच ऐकायला मिळतात. सगळ्यात घातक वाक्य म्हणजे, "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही."

हे वाक्य मी ज्या दुपारी ऐकलं, ती अजून डोळ्यांसमोर आहे. सळया बांधणारा एक तरुण, कामावरचा त्याचा दुसराच दिवस. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, जेवण अर्धवट टाकलं, मग उगाच शेजाऱ्यावर चिडला. उन्हाचा त्रास सुरू होतो तो असाच: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पोटरीत गोळे, गडद लघवी आणि विनाकारण चिडचिड. तेव्हाच त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं, तर पुढचं टळलं असतं. दोनच्या सुमारास तो बांधलेल्या सळईलाच पुन्हा तार गुंडाळत होता. शर्ट घामानं चिंब. मुकादमानं वरचं वाक्य म्हटलं, हातात बाटली दिली आणि त्याला सावलीत एकटं बसवलं. पाव तासानं मी पोचलो, तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं आणि उभं केलं तर झोकांड्या जात होत्या.

अंगमेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात घाम बहुतेक वेळा चालूच असतो. त्वचा कोरडी पडायची वाट पाहू नका. माणूस असंबद्ध बोलतो, अडखळतो, वेगळाच वागतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, म्हणजे उष्णता मेंदूपर्यंत पोचली आहे. मी फेरी मारताना प्रत्येकाला विचारतो: सकाळपासून काय काम केलंस, शेजारी कोण आहे? उत्तर चुकलं की काम बंद.

दुसरी मोठी चूक तिथेच घडत होती. दोघं त्याला उचलून गाडीत कोंबायला निघाले होते. हेतू चांगलाच होता, पण दवाखाना लांब होता आणि वाटेत त्याचं अंग तापतच राहिलं असतं. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जातं आणि ते तिथे जितका वेळ राहील तितकं मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांचं नुकसान वाढतं. पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवलं, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून एकानं रुग्णवाहिकेला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी लगेच गार करायला घ्यायचं.

आम्ही त्याचे बूट आणि जाड कपडे काढले, त्याला ताडपत्रीवर निजवलं आणि सहा जणांनी कडा उचलून तिचा हौद केला. पाइपानं पाणी भरलं, पिण्याच्या पाण्याच्या पेटीतला सगळा बर्फ ओतला आणि पाणी हलवत राहिलो. एक जण फक्त डोकं वर धरून श्वासावर लक्ष ठेवत होता. सुमारे पंधरा मिनिटांनी तो थरथरला आणि नाव सांगितलं. मग रुग्णवाहिका आली. तो बोलत असूनही त्याला पाठवलं, कारण मूत्रपिंडाचं नुकसान रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तीन दिवसांनी तो घरी गेला.

हौद करता आला नाही, तर अंगभर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. कपाळावरची एक ओली पट्टी इथे काहीच करत नाही.

भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. उलटी झाली तर कुशीवर वळवा.

तापाची गोळी देऊ नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे, गोळीनं उतरत नाही आणि यकृतावर किंवा मूत्रपिंडावर उगाच भार पडतो.

काखेतल्या किंवा कपाळावरच्या तापमापकानं कमी आकडा दाखवला म्हणून थांबू नका. त्या माणसाचं बोलणं ऐका.

नुसती चक्कर, मळमळ, थकवा असेल आणि बोलणं स्वच्छ असेल, तर सावली, ओलं अंग, वारा आणि घोट घोट पाणी किंवा ओआरएस पुरतं. सोबत एक माणूस बसलाच पाहिजे. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बोलणं बिघडलं, तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवायचं नाही.

आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देण्याची घाई मला अजिबात सहन होत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मी पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाळीच्या पाचव्या भागाइतकंच देतो आणि रोज तेवढंच वाढवतो. तगडी पोरं म्हणतात, "आम्हाला नाही होत काही." तो तरुणही तगडाच होता.